राणीच्या बागेची पहिली फेरी: चार वर्षांच्या मुलाला सहा प्राणी पुरे

मी बालवाडीत शिकवते. दर वर्षी सहलीचा विषय निघाला की पालकांच्या तोंडी पहिलं नाव भायखळ्याच्या राणीच्या बागेचं येतं. कागदोपत्री ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय, पण मुंबईच्या तोंडी राणीची बागच. पहिल्या फेरीहून परतलेल्या मुलांना मी दुसऱ्या दिवशी विचारते, "काय पाहिलंस?" उत्तरं बहुतेक वेळा अशी असतात: "फुगा घेतला." "खार होती, ती वेफर खात होती." "वाघ झोपला होता." आईबाबांनी उन्हातान्हात तीन तास फिरवलेलं असतं, एकेका पिंजऱ्यापाशी कडेवर घेऊन "ते बघ, ते बघ" म्हटलेलं असतं, आणि मुलाच्या हाती लागलेली असते एक खार.

यात मुलाचं काही चुकलेलं नाही. खार हातभर अंतरावर होती, हलत होती, त्याच्या ओळखीचं काहीतरी खात होती. वाघ लांब होता, झाडाच्या सावलीत होता आणि हलतच नव्हता. चार वर्षांच्या मुलाची नजर हालचालीकडे जाते. न हलणाऱ्या प्राण्यात काय बघायचं, हे त्याला आधीच कोणीतरी शिकवावं लागतं. ते शिकवायला घरी आठवडाभर रोजची दहा मिनिटं पुरतात. माझ्या भाचीला पहिल्यांदा राणीच्या बागेत नेताना मी जे केलं, तेच इथे क्रमाने सांगते. पुणे, नागपूर, संभाजीनगर, कुठेही जाणार असाल तरी घरची तयारी हीच राहील, फक्त प्राण्यांची यादी बदलेल.

आधी यादी, तीही सहाचीच

पहिलं काम मोठ्यांचं. किती प्राणी बघायचे ते ठरवा आणि बाकीचे सोडून द्यायची मनाची तयारी करा. या वयाचं मूल एका प्राण्यापाशी मन लावून पाच ते दहा मिनिटं थांबू शकतं. सहा प्राणी म्हणजे तासभर बघणं. त्यात चालणं, शू, पाणी, खाऊ आणि नुसतंच बसणं धरलं की अडीच तास होतात. त्यापुढे मूल बघत नाही, ओढलं जातं.

मी निवडलेले सहा असे: वाघ, पाणघोडा, पेंग्विन, मगर, चितळ आणि आत शिरून बघता येतं ते पक्ष्यांचं मोठं दालन. निवडताना एकच गोष्ट पाहिली. प्रत्येक प्राण्यात मुलाला शोधता येईल अशी एक तरी लहानशी खूण हवी. तुम्ही अस्वल, बिबट्या, तरस घेतलात तरी चालेल, फक्त खूण आधी ठरवा.

बाग बुधवारी बंद असते. एखाद्या बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, तेव्हा अशा आठवड्यात नीट चौकशी करा. तिकिटाचे दर, वेळा आणि सध्या कोणते प्राणी बघायला आहेत हेही निघण्याआधी विचारून घ्या. प्राणी आजारी असला, पिल्लं झाली किंवा पिंजऱ्याचं काम निघालं की तो भाग झाकलेला असतो. आठवडाभर पाणघोड्याची गोष्ट ऐकलेल्या मुलाला त्या दिवशी हिरवं कापड दिसलं तर त्याची समजूत घालणं फार अवघड जातं. म्हणून सहांखेरीज एक प्राणी राखीव ठेवा आणि त्याच्याबद्दल घरी काही बोलू नका.

आकार घरातल्या फरशीवर

चित्रांच्या पुस्तकात ससा आणि हत्ती एकाच पानावर, जवळजवळ एकाच मापाचे असतात. बागेत गेल्यावर मूल घाबरतं किंवा हिरमुसतं त्याचं मोठं कारण हे आहे. पाणघोडा त्याच्या कल्पनेपेक्षा अवाढव्य निघतो आणि पेंग्विन अगदीच बुटका.

घरात दोन बाय दोन फुटांच्या फरश्या असतील तर काम सोपं आहे. लोकरीचा धागा घ्या. पूर्ण वाढलेला वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे पावणेतीन मीटर, म्हणजे साधारण साडेचार फरश्या. वाघीण थोडी लहान. पाणघोडा साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सहा फरश्या. आमच्या हॉलमध्ये त्याचं तोंड दारापाशी आणि शेपूट टीव्हीखाली आली. भाची त्या धाग्याशेजारी आडवी झाली, मग उठून परत आडवी झाली, असं करत स्वतःला तीनदा आणि वर थोडं मोजलं, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

पेंग्विनसाठी जुन्या वर्तमानपत्राचा पासष्ट सेंटिमीटर उंचीचा आकार कापून दाराला चिकटवला. राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. चार वर्षांचं मूल मीटरभर उंच असतं, त्यामुळे पेंग्विन त्याच्या छातीपर्यंत येतो. आपल्याहून लहान प्राणी भेटणार या कल्पनेने मुलं भलतीच खूश होतात. याच वेळी एक गैरसमज काढून टाका. बहुतेक मुलांना वाटतं की पेंग्विन म्हणजे बर्फ. हम्बोल्ट पेंग्विन खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर राहतात. बागेत त्यांच्यासाठी खोली गार ठेवलेली असते, पण तिथे बर्फाचे डोंगर नसतात. हे आधी सांगितलं नाही तर काचेसमोर उभं राहून मूल "बर्फ कुठेय?" हेच विचारत बसतं.

धागे फेकू नका, गुंडाळून चिठ्ठ्या लावून ठेवा. पुढे कामाला येतील.

झोपलेल्या वाघाचा खेळ

सगळ्या तयारीतलं हे सर्वांत महत्त्वाचं. वाघ, बिबट्या, सिंह दिवसातला बराच वेळ पडून असतात. ऊन चढलं की हमखास. तुम्ही गेल्यावर वाघ झोपलेला असेल हे धरूनच चाला.

खेळ असा. घरातलं एक जण चटईवर वाघ होऊन झोपतं. वाघाने घोरायचं नाही, उठायचं नाही, पण शरीराचा एकच भाग मधूनमधून हळूच हलवायचा: कान (म्हणजे कानावर हाताचं बोट धरून ते वाकवायचं), पायाचा अंगठा, पापणी किंवा पोट. बाकीच्यांनी तीन पावलं दूर बसून, न बोलता, काय हललं ते ओळखायचं. ओळखलं की ओरडायचं नाही, नुसतं बोट दाखवायचं. मग पाळी बदलायची.

पहिल्या दिवशी भाची अर्ध्या मिनिटात वाघावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या बाबांचं पोट वरखाली होताना पाहिलं आणि माझ्या कानात येऊन म्हणाली, "मावशी, वाघ आतून हलतोय." चौथ्या दिवशी दोन मिनिटं बसायला लागली. दोन मिनिटं जमली की मूल तयार झालं असं समजा. त्याहून जास्त ताणू नका.

या खेळातून आवाज न करण्याची सवयही आपोआप लागते. "तिथे ओरडायचं नाही" हे दहादा सांगण्यापेक्षा घरी एकदा तिला वाघ करून झोपवा आणि तिच्या कानाशी टाळी वाजवा. तिला राग येईल. मग म्हणा, वाघालाही असाच येतो. काचेवर टकटक करायची नाही, खाऊ टाकायचा नाही, हेही याच वेळी सांगा. प्राण्यांना त्रास देणं, त्यांना खायला घालणं हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. मुलाला कायदा कळत नाही, पण "त्याचे काका त्याला मोजून जेवण देतात, आपण दिलेल्या वेफरने त्याचं पोट दुखेल" हे नीट कळतं.

नळी आणि टिकल्यांचं कार्ड

दुर्बीण नेऊ नका. या वयात ती डोळ्यांशी जुळवता येत नाही आणि मूल प्राण्याऐवजी दुर्बिणीशीच झटापट करत राहतं. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या गुंडाळीची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. कापून बारा सेंटिमीटरची करा, कडांना चिकटपट्टी लावा. नळीतून बघितलं की आजूबाजूची माणसं, फुगेवाले, कठडे सगळं नाहीसं होतं आणि गोल चकतीत फक्त वाघाचा कान उरतो. एक अडचण येते. चार वर्षांच्या बऱ्याच मुलांना एकच डोळा मिटता येत नाही. एक मिटायला गेलं की दोन्ही मिटतात. तेव्हा दुसऱ्या डोळ्यावर तळहात ठेवायला शिकवा. घरी खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा कावळा शोधत दोन दिवस सराव केला की जमतं.

कार्डासाठी जुनी लग्नपत्रिका उत्तम, कारण ती जाड असते आणि मागची बाजू कोरी असते. त्यावर सहा घरं आखा. प्रत्येक घरात प्राण्याचं पूर्ण चित्र काढू नका, फक्त शोधायची खूण काढा: वाघाचा कान, पाणघोड्याच्या नाकपुड्या, पेंग्विनचं ठिपक्यांचं पोट, मगरीचा उघडा जबडा, चितळाचा गळा, पक्ष्याचा पाय. चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालतं. बरोबर टिकल्यांचं एक पाकीट घ्या, जरा मोठ्या आकाराच्या टिकल्यांचं. खूण दिसली की मूल त्या घरात टिकली लावतं. पेन्सिलीने बरोबरची खूण करण्यापेक्षा टिकली बरी, कारण उभ्याउभ्या लावता येते आणि मुलाला ती आपल्या हाताने लावायला फार आवडतं. कार्डाला दोरी बांधून गळ्यात अडकवू नका. कठड्यात अडकली तर गळ्याला ओढ बसते. खिशात ठेवा.

खूण दिसली नाही तर टिकली नाही, हे मात्र पाळा. "दिसला असेल, लाव" असं एकदा म्हटलंत की मूल बघणं सोडून टिकल्या लावत सुटतं. आमच्या कार्डावर एक घर शेवटपर्यंत रिकामं राहिलं आणि त्याने काही बिघडलं नाही.

तो घरी का जात नाही?

हा प्रश्न येणारच, आणि गडबडीत दिलेलं उत्तर मुलाच्या मनात राहतं. "त्याला इथेच आवडतं" असं सांगू नका, ते आपल्याला ठाऊक नाही. "त्याने दंगा केला म्हणून कोंडलं" असं तर कधीच नको. मी सांगितलं ते एवढंच होतं: "इथले पुष्कळ प्राणी अशाच बागेत जन्मलेत. त्यांच्या आईने त्यांना शिकार करायला शिकवलेलं नाही, म्हणून माणसं त्यांना जेवण देतात आणि डॉक्टर बघायला येतात. जंगलातले वाघ वेगळे, ते आपल्याला सहज दिसत नाहीत." भाचीने विचारलं, "मग त्याला कंटाळा येतो?" मी म्हटलं, "येत असेल. म्हणून त्याच्यासाठी पाणी, झाडं, ओंडके ठेवतात. आपण बघू या, तो त्यांचं काय करतो." हा प्रश्न तिने बागेत पुन्हा काढला आणि आम्ही वाघाच्या आवारातले ओंडके शोधले.

तो दिवस

आम्ही गुरुवारी गेलो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बागेत माणसांची इतकी गर्दी असते की चार वर्षांच्या उंचीवरून फक्त पाठी दिसतात, शिवाय रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला तर भायखळ्याला पोचेपर्यंतच मूल दमतं. स्टेशनच्या पूर्वेला उतरून बाग चालत दहाएक मिनिटांवर आहे. बाग उघडताना पोचा. सकाळची वेळ प्राण्यांच्या हालचालीची असते आणि मुलाचंही डोकं ताजं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुखाचे. राणीच्या बागेत जुनी, मोठी झाडं पुष्कळ आहेत, त्यामुळे सावली भरपूर मिळते.

सामान थोडंच: स्टीलच्या डब्यात पोळीचा रोल आणि केळं, पाण्याची बाटली, टोपी, एक जादा चड्डी, नळी, कार्ड. प्लास्टिक आणि बाहेरच्या खाण्याबद्दलची सूचना प्रवेशद्वारावर वाचून घ्या. कुरकुरणारी पाकिटं नेऊच नका, कावळे मागे लागतात. मुलाच्या मनगटावर बॉलपेनने तुमचा फोन नंबर लिहा, आणि हरवलं तर धावायचं नाही, होतं तिथेच उभं राहून आईचं नाव मोठ्याने घ्यायचं, हे घरीच शिकवा. "आई" नव्हे, आईचं नाव. त्या गर्दीत "आई" म्हटल्यावर पन्नास बायका वळतात.

फुगे आणि शिट्ट्या प्रवेशद्वाराबाहेरच दिसतात. सौदा आधी करा: "एक वस्तू, जाताना, शिट्टी सोडून काहीही." जाताना हा शब्द महत्त्वाचा. आत फुगा हातात असला की मूल फुगाच सांभाळतं.

आत गेल्यावर पहिलं काम स्वच्छतागृह, दुसरं वाघ. उन्हं वर यायच्या आत त्याला गाठलं तर तो चालताना दिसण्याची शक्यता असते. आम्हाला तो बसलेला दिसला, डोळे अर्धे मिटलेले. भाचीने हात डोळ्यावर ठेवून नळी लावली. वाघाच्या कानाच्या मागच्या बाजूला काळ्यावर एकेक पांढरा ठिपका असतो, तो तिला शोधायचा होता. वाघ आमच्याकडे तोंड करून बसला होता, त्यामुळे ठिपका दिसेना. आम्ही थांबलो. शेजारून तीन कुटुंबं आली आणि "झोपलाय रे, चल" म्हणत गेली. मग कुठेतरी दार वाजलं, वाघाने तोंड न वळवता नुसता डावा कान मागे फिरवला, आणि पांढरा ठिपका चमकून गेला. भाचीने ओरडायचं नाही हे लक्षात ठेवून माझा हात इतका घट्ट दाबला की माझी बांगडी रुतली. पहिली टिकली.

चितळांपाशी बघायचं ते रवंथ. बसलेलं, तोंड चाळवणारं जनावर निवडा. खालचा जबडा आडवा फिरत असतो. मग ते घास गिळतं, क्षणभर थांबतं, आणि गळ्यातून एक गोळा खालून वर येताना दिसतो. गोळा वर आला की चघळणं पुन्हा सुरू. नळी इथे सर्वांत कामाला येते. ज्या मुलाने गाय जवळून पाहिली आहे त्याला लगेच ओळख पटते.

पाणघोड्यापाशी बहुतेकांची निराशा होते, कारण पाण्यात एक करडा दगड दिसतो आणि माणसं पुढे जातात. त्याचे कान, डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला, जवळजवळ एका रेषेत असतात, त्यामुळे सगळं अंग पाण्यात ठेवून तो तेवढंच बाहेर काढू शकतो. खाली गेला की नाकपुड्या मिटतात. एका दमात तो तीनचार मिनिटं आरामात राहतो, कधी पाच. खेळ मोजण्याचा. मुलाला दहापर्यंतच आकडे येत असतील तर दर दहाला एक बोट उघडायचं. आम्ही चौदा बोटांपर्यंत गेलो आणि फुस्स आवाज होऊन पाण्याचे तुषार उडाले, मग दोन्ही कान गरागरा फिरले. कान फिरतात ते पाणी झटकायला. तो बाहेर आलेला असला तर त्याच्या कातडीवर लालसर ओलावा दिसू शकतो. ते रक्त नसतं, त्याची कातडी जपणारा चिकट द्रव असतो, हे मूल विचारायच्या आधी सांगून टाका. आणि शी करताना तो शेपूट पंख्यासारखी फिरवून ती चहूकडे उडवतो. हे दिसलं तर मूल उरलेले सगळे प्राणी विसरेल. विसरू द्या.

इथेच भाची थोडी घाबरली. तो तोंड उघडून वर आला तेव्हा ती माझ्या पायामागे गेली. अशा वेळी "घाबरतेस काय, काही करत नाही तो" म्हणत मुलाला कठड्याकडे ढकलू नये. मी दहा पावलं मागे आले, तिला उचललं नाही, तिथूनच दोघी बघत राहिलो. दोनेक मिनिटांनी तीच पाच पावलं पुढे गेली. अंतर मुलाला ठरवू दिलं की भीती लवकर उतरते.

ऊन चढलं तसे पेंग्विनकडे गेलो. हे पक्षी 2016 मध्ये दक्षिण कोरियाहून मुंबईत आले आणि 2017 पासून लोकांना बघायला मिळू लागले. दालन गार असतं, त्यामुळे दमलेलं मूल इथे पुन्हा तरतरीत होतं. रविवारीच जाणं भाग असेल तर मात्र क्रम उलटा करा आणि पेंग्विन सर्वांत आधी बघा, कारण रांग वाढत जाते. रांग पुढे सरकत राहते, काचेपाशी फार वेळ मिळत नाही, म्हणून खेळ एकच आणि चटकन होणारा हवा: एक पेंग्विन निवडायचा आणि फक्त त्याच्यावर नजर ठेवायची. प्रत्येकाच्या पांढऱ्या पोटावरचे काळे ठिपके वेगळे असतात, त्यावरून निवड करता येते. चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडी दिसते, तिथे पिसं नसतात आणि त्यातून अंगातली उष्णता बाहेर जाते. निवडलेला पक्षी पाण्यात उतरला की तो पाय मारत नाही, पंख मारतो, हे मुलाच्या लक्षात येतं. भाची म्हणाली, "हा पाण्यात उडतोय." याहून नेमकं वर्णन मलाही सुचलं नसतं.

मगरीपाशी पुतळा-पुतळा खेळा: कोण जास्त वेळ न हलता राहतं, तू की ती? मगर जिंकते. तिचा जबडा उघडा दिसला तर ती जांभई नाही, ऊन तापल्यावर अंग गार करायची तिची रीत आहे. आमच्या मगरीने जबडा उघडला नाही. तेच ते रिकामं घर. पक्ष्यांच्या दालनात टोपी घालून जा आणि आधी जमीन, मग फांद्या, मग छत असं तीन मजल्यांवर बघा. आम्ही तिथे फार थांबलो नाही, भाचीचे पाय बोलायला लागले होते.

निघताना बागेच्या आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती बघायला विसरू नका. हा मूळचा घारापुरीच्या बेटावरचा. त्याच्याचवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला तेव्हा तो उचलताना फुटला, आणि त्याचे तुकडे जोडून 1914 मध्ये इथे उभा केला. मुलाला एवढंच सांगा की हा हत्ती पडून फुटला होता आणि कोणीतरी जोडला. जोडलेल्या जागा शोधायला दमलेली मुलंसुद्धा पुन्हा उठतात.

आठवणी: काय आणायचं, काय करायचं

पिसं, अंडी, दगड आणू नका. पिसांवरून पक्ष्यांचे रोग पसरू शकतात आणि बागेतलं बागेतच राहावं. झाडाखाली पडलेलं एखादं पान, तिकीट आणि टिकल्यांचं कार्ड एवढं घेऊन या. पान वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर पिठाचा डबा ठेवा, आठवड्यात सपाट वाळतं. फोटो एकच काढा, प्राण्यासमोर उभं करून नव्हे तर बघत असलेल्या मुलाच्या पाठीमागून. प्राणी आणि मूल एकाच चौकटीत येतात आणि मुलाचं बघणं मोडत नाही.

त्या संध्याकाळी काही करायला बसू नका. झोपू द्या. दुसऱ्या दिवशी कोरी वही घ्या, एका पानावर एक प्राणी. मुलाने चित्र काढायचं आणि एक वाक्य सांगायचं, ते तुम्ही जसंच्या तसं लिहायचं. व्याकरण सुधारायचं नाही. आमच्या वहीत लिहिलंय: "पानघोडा पाण्यात लपला आणि मी चौदा बोटं मोजली पण माझ्याकडे दहाच आहेत."

वाघाचं पान पंजाच्या ठशाचं करा. बटाटा अर्धा कापून त्याच्या सपाट बाजूला खालून दोन छोट्या खाचा पाडा, म्हणजे मागची कड तीन फुगीर भागांची होते. वाघाच्या तळव्याचा ठसा असाच असतो. ताटलीत गेरू थोड्या पाण्यात दह्याइतका घट्ट कालवा. बटाट्याचा एक ठसा आणि वर मुलाच्या बोटाने चार ठिपके. नखं काढायची नाहीत, वाघ चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून ठशात ती उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात उमटतात. गेरू पातळ झाला तर ठसा पसरून नुसता लाल डाग होतो, तेव्हा पहिला ठसा रद्दीवर उठवून बघा.

पेंग्विन शाडूच्या मातीचा केला. पिठाच्या आणि मिठाच्या गोळ्याची खेळणीही करतात, पण मुंबईच्या दमट हवेत मीठ ओल धरतं आणि पावसाळ्यात ती पिचपिचीत होतात. शाडू सावलीत तीनचार दिवस वाळवा, उन्हात ठेवलात तर तडे जातात. अंगठ्याएवढाच करा, मोठा केला की मान गळते. पोटावरचे ठिपके काडीने, तिला आठवतील तसे.

आणि धागे. पाणघोड्याचा आणि वाघाचा गुंडाळून वहीच्या शेवटच्या पानावरच्या पाकिटात ठेवले आहेत. पाहुणे आले की भाची पाणघोडा हॉलभर उलगडते आणि सगळ्यांना पाय उचलायला लावते.

परवा ती आमच्याकडे होती. जिन्यात शेजाऱ्यांचं मांजर पसरलं होतं. ही तीन पायऱ्या वर बसली, तळहात डोळ्यावर ठेवला आणि मुठीची नळी करून बघत राहिली. मी हाक मारायला आले तर तिने ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "मावशी, ही झोपलीय, पण हिचा कान जागा आहे."